सुलतानाची तारीख आणि शुक्रवारची साक्ष

महंमद तुघलकाविरुद्ध उठलेल्या दख्खनच्या अमीरांनी दौलताबादेत आधी इस्माईल मुख या वयस्क सरदाराला सुलतान केले. तो पुढे आपणहून बाजूला झाला आणि त्याच्या जागी हसन नावाचा सरदार अलाउद्दीन बहमनशाह म्हणून तख्तावर बसला. बहमनी राज्याची ही सुरुवात. तख्तनशिनीची तारीख फारसी तवारिखांतून आली आहे : शुक्रवार, २४ रबिउल आखर, हिजरी सन ७४८. मराठी-इंग्रजी इतिहासग्रंथांत तिच्यासमोर ३ ऑगस्ट १३४७ असे छापलेले असते. पण हाच आकडा मोबाइलवरच्या एखाद्या तारीख बदलून देणाऱ्या अ‍ॅपमध्ये घातला, तर उत्तर ११ ऑगस्ट १३४७ असेही येते. आठ दिवसांचा फरक पाहून वाचणाऱ्याला वाटते की कुणीतरी चुकले. प्रत्यक्षात दोघेही बरोबर आहेत. ते कसे, हे कळायचे तर तारीख एकदा हाताने, कागदावर बदलून पाहावी लागते. गणित गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही.

हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचे आहे. आपले पंचांगही महिने चंद्रावरच मोजते, पण सूर्यापासून फार मागे पडू लागले की अधिक महिना घालून तोल सांभाळते. हिजरी गणनेत अधिक मास नाही. बारा चांद्रमास झाले की वर्ष संपले, मग ऋतू कोणताही असो. हे वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी तोकडे. रमजान कधी ऐन उन्हाळ्यात तर कधी थंडीत येतो, तो यामुळेच. म्हणून हिजरी सनात ६२२ मिळवून इसवी सन काढता येत नाही. तेहतीस हिजरी वर्षांत सौर वर्षे जेमतेम बत्तीस होतात. ढोबळ अंदाजासाठी एक जुनी युक्ती आहे : हिजरी सनातून त्याचे तीन टक्के वजा करा आणि मग ६२२ मिळवा. ७४८ चे तीन टक्के सुमारे साडेबावीस. ते वजा करून ६२२ मिळवले की १३४७ च्या मध्यावर येतो. पुढचे बारीक गणित या आकड्यापासून फार लांब गेले, तर कुठेतरी हातचा राहिला आहे हे लगेच लक्षात येते.

एखाद्या नाण्यावर नुसता ७४८ हा सन असेल, तर मात्र बारीक गणित करूनही एकच इसवी सन हाती लागत नाही. हिजरी ७४८ हे वर्ष १३ एप्रिल १३४७ ला सुरू होऊन ३१ मार्च १३४८ ला संपले. महिना माहीत नसेल तर १३४७-४८ असे जोडसन लिहावे लागतात. त्यातला एकच उचलणे म्हणजे पुराव्यात नसलेली माहिती आपल्या पदरची घालणे.

गणिताला हात घालण्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि दख्खनच्या कागदांत ती फारच महत्त्वाची आहे. समोरचा सन खरोखर हिजरी आहे का? आदिलशाही-निजामशाहीतल्या आणि पुढे मराठ्यांच्या कागदांत महिने मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर असे हिजरीच असतात, चंद्राची तारीख ‘छ’ या अक्षराने दाखवलेली असते, पण सन पुष्कळदा शुहूर असतो. त्यालाच अरबी सन म्हणतात. त्याचे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणजे ते सूर्यावर चालते. शेतसारा पिकावर वसूल व्हायचा, आणि पीक काही हिजरी महिन्यांप्रमाणे येत नाही. त्यामुळे कारभाराला हा सन सोयीचा होता. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहितात. ‘खमस सबैन व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, एकूण १०७५. शुहूर सनात ५९९ मिळवले की वर्ष सुरू होतानाचा इसवी सन मिळतो आणि जानेवारीनंतरच्या भागासाठी ६०० मिळवायचे. त्यामुळे हा १०७५ म्हणजे १६७४-७५, शिवराज्याभिषेकाचे वर्ष. पण कुणी तोच १०७५ हिजरी समजून बदलला, तर उत्तर १६६४-६५ येईल आणि राज्याभिषेकानंतरचा कागद पुरंदरच्या तहाच्या आसपास जाऊन पडेल. एका दिवसाची चूक शोधणे अवघड असते. ही दहा वर्षांची चूक मात्र कागदातली माणसे आणि प्रसंग पाहिले की उघडी पडते.

बहमनशाहाची तारीख हिजरीच आहे, तेव्हा मोजायला लागू. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर लागतो, त्यामुळे तो कधी एकोणतीस तर कधी तीस दिवसांचा भरतो. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी दौलताबादेत त्या संध्याकाळी ढग होते की नाही, हे आता कोण सांगणार? म्हणून गणितासाठी एक सरासरी तक्ता वापरतात. त्यात महिने आळीपाळीने ३० आणि २९ दिवसांचे धरतात : मोहरम ३०, सफर २९, रबिलावल ३०, रबिलाखर २९, असे पुढे. बारा महिन्यांचे ३५४ दिवस होतात. दर तीस वर्षांत ठरलेल्या अकरा वर्षी शेवटच्या महिन्यात, जिल्हेजमध्ये, एक दिवस वाढवतात. तीस वर्षांचे एक चक्र बरोबर १०,६३१ दिवसांचे भरते. हा हिशेब खऱ्या चंद्राशी इतका जुळतो की एका दिवसाचा फरक पडायला अडीच हजार वर्षे लागतील. एखाद्या महिन्यापुरता तो चुकतो, शतकांच्या मोजणीत चुकत नाही.

२४ रबिलाखर ७४८ म्हणजे ७४७ वर्षे पुरी झाली आहेत आणि अठ्ठेचाळिसावे वर्ष चालू आहे. ७४७ मध्ये तीस-तीस वर्षांची २४ चक्रे बसतात आणि २७ वर्षे उरतात. चोवीस चक्रांचे दिवस २,५५,१४४. उरलेल्या २७ वर्षांचे प्रत्येकी ३५४ प्रमाणे ९,५५८, आणि चक्राच्या पहिल्या सत्तावीस वर्षांत दहा वाढीव दिवस येतात, म्हणून ९,५६८. आता चालू वर्ष : मोहरम, सफर आणि रबिलावल मिळून ८९ दिवस, त्यात २४ मिळवले की ११३. सगळ्यांची बेरीज २,६४,८२५. हिजरी सनाच्या पहिल्या दिवसाला एक धरले, तर बहमनशाह तख्तावर बसला तो इतकाव्वा दिवस.

आता हाच दिवस इसवी सनाच्या मोजणीत कुठे पडतो ते पाहायचे. हिजरी सनाचा पहिला दिवस, १ मोहरम १, हा १६ जुलै ६२२ धरतात. इसवी सनाच्या आरंभापासून १५ जुलै ६२२ संपेपर्यंत २,२७,०१६ दिवस होतात. ते मिळवले की ४,९१,८४१. जुन्या इसवी कॅलेंडरात दर चौथे वर्ष न चुकता लीप असते, म्हणून चार वर्षांचे १,४६१ दिवस. या संख्येने भागले की ३३६ चा भाग जातो, म्हणजे १,३४४ वर्षे संपली, आणि ९४५ दिवस उरतात. त्यातून १३४५ आणि १३४६ या दोन वर्षांचे ७३० वजा केले की राहतात २१५. तेव्हा उत्तर १३४७ सालचा दोनशे पंधरावा दिवस. जुलै अखेर २१२ दिवस होतात, म्हणून ३ ऑगस्ट.

उत्तर बरोबर आहे हे कशावरून? इथे तवारिखेतला ‘शुक्रवार’ कामाला येतो. १६ जुलै ६२२ हा शुक्रवार होता. म्हणून मघाच्या २,६४,८२५ ला सातने भागायचे. बाकी एक उरली तर शुक्रवार, दोन उरली तर शनिवार, आणि बाकी शून्य असेल तर गुरुवार. २,६४,८२४ ला सातने नि:शेष भाग जातो, तेव्हा बाकी एक. शुक्रवार! लिहिणाऱ्याने दिलेली तारीख, त्याने दिलेला वार आणि आपला तक्ता असे तिघे एकाच दिवसावर आले. जुम्याच्या नमाजाला नव्या सुलतानाच्या नावाचा खुतबा पढला जाई, त्यामुळे तख्तनशिनीला शुक्रवार निवडणे स्वाभाविकच होते.

वाराची साक्ष इतकी भरवशाची का, तर सात दिवसांचे चक्र सगळ्या कॅलेंडरांच्या उलथापालथीत अखंड चालू राहिले. महिने बदलले, सन बदलले, लीप वर्षांचे नियम बदलले. शुक्रवारनंतर शनिवार यायचा तो आलाच. म्हणून जुना कागद हाती आला की जाणकार संशोधक तारखेबरोबर वार दिला आहे का, हे आधी पाहतो.

आता ते आठ दिवस. आपण जे ३ ऑगस्ट काढले ते ज्युलियन कॅलेंडरातले, म्हणजे युरोपात त्या काळी खरोखर चालू असलेले. दर चौथ्या वर्षी लीप धरल्याने ते सूर्यापेक्षा चारशे वर्षांत सुमारे तीन दिवस मागे पडत होते. पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये ते दुरुस्त केले : गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर एकदम शुक्रवार १५ ऑक्टोबर आणला, आणि शतकी वर्षांपैकी ४०० ने भाग जाणारीच लीप ठेवली. आज भिंतीवर टांगतो ते कॅलेंडर हेच. पुष्कळ अ‍ॅप ही दुरुस्ती १५८२ च्या मागेही तशीच ओढत नेतात. चौदाव्या शतकात दोन्हींतला फरक आठ दिवसांचा होता, म्हणून ३ ऑगस्टचा ११ ऑगस्ट. दिवस तोच, शुक्रवारच, फक्त त्याला दोन नावे.

इतिहासकारांचा रिवाज असा की १५८२ पूर्वीच्या घटनांना ज्युलियन तारीखच द्यायची. आधुनिक तारीख हवी असे कुणी म्हणाले तरी पुस्तकातल्या ३ ऑगस्टच्या जागी ११ ऑगस्ट घालणे मला पसंत नाही. बाकी सगळ्या ग्रंथांतल्या तारखा ज्युलियन असताना ही एकटीच वेगळ्या मापाने मोजली गेली, तर दोन घटनांमधले अंतरच बिघडेल. ऋतूचा प्रश्न असेल तेव्हा मात्र नवी मोजणी उपयोगी पडते. पाऊस कुठवर आला असेल, दिवस किती मोठा असेल, हे आजच्या ११ ऑगस्टवरून ठरवायचे.

१५८२ नंतर घोळ आणखी वाढतो, कारण सगळ्यांनी दुरुस्ती एकाच वेळी मान्य केली नाही. पोर्तुगालने ती लगेच घेतली, इंग्लंडने १७५२ मध्ये. त्यामुळे सतराव्या शतकात गोव्याहून लिहिलेले पोर्तुगीज पत्र आणि सुरतेच्या वखारीतून लिहिलेले इंग्रजी पत्र एकाच दिवशी निघाले, तरी त्यांच्यावरच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर असते. मराठी इतिहासात रूढ झालेल्या शिवकालीन तारखा बहुतेक ज्युलियन आहेत. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तशीच. ग्रेगोरियनने तो १ मार्च होतो.

याचे सगळ्यांत ठळक उदाहरण औरंगजेबाचे. अहमदनगरच्या छावणीत तो वारला ती तारीख काही पुस्तकांत २० फेब्रुवारी १७०७ आहे, काहींत ३ मार्च १७०७. अकरा दिवसांचा फरक दिसला की समजायचे, एक ज्युलियन आणि दुसरी ग्रेगोरियन. अठराव्या शतकात फरक अकराचा झाला होता. मूळ हिजरी तारीख दोन्हींची एकच : २८ जिल्काद १११८. वर दाखवलेल्या रीतीने मोजले तर १,११७ वर्षांचे ३,९५,८२८ दिवस आणि चालू वर्षाचे ३२३, मिळून ३,९६,१५१. इसवीत बदलले की नेमका २० फेब्रुवारी मिळतो. इथपर्यंत ठीक. आता सातने भागून पाहा. नि:शेष भाग जातो, म्हणजे गुरुवार. पण साकी मुस्तैदखानाच्या ‘मआसिर-इ-आलमगिरी’त बादशहा शुक्रवारी गेल्याचे स्पष्ट आहे.

हा एका दिवसाचा फरक चूक नव्हे. तक्ता सरासरीचा आहे, महिना मात्र चंद्र पाहून लागतो. त्या जिल्कादची कोर छावणीत तक्त्यापेक्षा एक संध्याकाळ उशिरा दिसली असेल, तर सबंध महिना एका दिवसाने पुढे सरकतो आणि २८ वा दिवस शुक्रवारी येतो. अशा वेळी वारावर विसंबायचे. दरबारात वावरणारा माणूस तारीख एखादे वेळी चुकेल, पण बादशहा जुम्याच्या दिवशी गेला हे विसरणार नाही. तेव्हा शुक्रवार धरला तर ज्युलियन तारीख २१ फेब्रुवारी येते आणि ग्रेगोरियन ४ मार्च. ‘शुक्रवार, २० फेब्रुवारी १७०७’ असे छापलेले दिसते, तिथे वार तवारिखेतून आणि तारीख तक्त्यातून घेतली आहे; दोघांची गाठ घालून पाहायची राहून गेली आहे.

दोन अ‍ॅपच्या उत्तरांत एका दिवसाचा फरक पडतो त्याचेही कारण असेच साधे असते. कुणी हिजरीचा पहिला दिवस १६ जुलै धरतो, कुणी १५ जुलै. वाढीव दिवसाची अकरा वर्षे कोणती, यातही एकदोन पाठभेद आहेत. काही अ‍ॅप सौदी अरेबियातले आजचे सरकारी कॅलेंडर वापरतात, जे बहमनींच्या काळासाठी केलेलेच नाही. छापील कोष्टकांत व्युस्टेनफेल्ड या जर्मन पंडिताची १८५४ ची कोष्टके आणि स्वामीकन्नू पिळ्ळे यांची ‘इंडियन एफेमेरिस’ ही जुनी आणि चांगली साधने. पिळ्ळ्यांच्या ग्रंथात हिंदू तिथी आणि हिजरी तारखा शेजारी शेजारी मिळतात. मराठी इतिहासाच्या अभ्यासकांच्या टेबलावर मोडक जंत्री आणि खरे जंत्री असतातच. पण यांपैकी कोणतेही साधन त्या संध्याकाळी चंद्र दिसला होता का, हे सांगत नाही.

मराठी माणसाजवळ पडताळ्याचे आणखी एक साधन घरचेच आहे. अमावास्येनंतर कोर पहिल्यांदा नजरेला पडते ती साधारण शुद्ध प्रतिपदेच्या किंवा द्वितीयेच्या संध्याकाळी. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून हिजरी महिन्याची पहिली तारीख बहुधा शुद्ध द्वितीयेच्या आसपास येते, आणि हिजरी तारखेत एक मिळवला की जवळची तिथी मिळते. राज्याभिषेकाची तिथी ज्येष्ठ शुद्ध १३, इसवी तारीख ६ जून १६७४. तक्त्याप्रमाणे त्या दिवशी हिजरी १२ रबिलावल १०८५ येते. बारात एक मिळवला की तेरा. याच न्यायाने २४ रबिलाखरची तिथी पंचविसावी, म्हणजे वद्य दशमीच्या आसपासची. एखाद्या हिजरी तारखेच्या लढाईत लेखक मध्यरात्रीच्या लख्ख चांदण्याचे वर्णन करत असेल आणि तारीख २८ असेल, तर गडबड आहे हे इतक्याने कळते. २८ ला मध्यरात्री चंद्र उगवलेलाच नसतो.

सूर्यास्ताला दिवस बदलतो याचा फटका रात्रीच्या घटनांना बसतो. फारसीत ‘शब-ए-जुमा’, जुम्याची रात्र, ही आपल्या हिशेबाने गुरुवारची रात्र. तिचे भाषांतर ‘शुक्रवारी रात्री’ असे केले की तारीख गुपचूप चोवीस तासांनी पुढे जाते, आणि मग वाराचा पडताळाही जुळत नाही. सुलतानांचे मृत्यू, पलायने आणि खून रात्री फार होत, त्यामुळे ही शंका नेहमी मनात ठेवावी.

शाळेत पाठ केलेल्या एका तारखेवर हे सगळे लावून पाहू. पानिपतच्या पहिल्या लढाईत सुलतान इब्राहिम लोदी पडला, २१ एप्रिल १५२६. बाबर स्वतः आपल्या आठवणींत लिहितो : शुक्रवार, ८ रजब, सन ९३२. लढाई दिवसा झाली, म्हणून सूर्यास्ताचा प्रश्न नाही. ९३१ वर्षांचे ३,२९,९१५ दिवस, रजबच्या ८ तारखेपर्यंत १८५, एकूण ३,३०,१००. सातने भागून बाकी एक, शुक्रवार. इसवी तारीख निघते २० एप्रिल. २१ एप्रिल १५२६ हा शनिवार होता. जिंकणाऱ्याने स्वतः दिलेला वार आणि तक्ता एकमताने २० म्हणत असताना पाठ्यपुस्तके २१ का छापतात, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

आणि आता असे उदाहरण, जिथे हिशेब हात टेकतो. विजयनगरचा रामराया आणि दख्खनचे सुलतान यांची निर्णायक लढाई, जी आपण राक्षसतागडी किंवा तालिकोटची म्हणून ओळखतो. फिरिश्ता तिची तारीख शुक्रवार, २० जमादिलाखर ९७२ अशी देतो. मोजल्यावर ३,४४,२५८ दिवस भरतात, इसवी तारीख २३ जानेवारी १५६५, आणि सातने भागल्यावर बाकी पाच, म्हणजे मंगळवार. शुक्रवार नाही. रॉबर्ट स्यूएलने विजयनगरवरच्या आपल्या ग्रंथात ही विसंगती टीपेत नोंदवली आणि लढाई मंगळवारची धरली.

इथे चंद्राच्या अंगावर दोष ढकलता येत नाही. ढगांमुळे एक दिवस जाईल, क्वचित तक्ता आणि प्रत्यक्ष यांत दोन दिवसांचे अंतर पडेल. मंगळवार ते शुक्रवार हे तीन दिवस झाले. उलट्या बाजूने मोजले तर अंतर चार दिवसांचे. तेव्हा फिरिश्त्याची तारीख तरी चुकली आहे किंवा वार तरी. तो लढाईच्या वेळी विजापुरात नव्हता. तवारीख त्याने पुढे कित्येक वर्षांनी, दुसऱ्यांचे ग्रंथ समोर ठेवून लिहिली. त्यानंतर तिच्या नकलांवर नकला होत गेल्या.

औरंगजेबाच्या बाबतीत लावलेला नियम लावला, म्हणजे वार खरा मानला, तर जवळचे शुक्रवार दोन : १९ जानेवारी आणि २६ जानेवारी. काही पुस्तकांत लढाईची तारीख २६ जानेवारी १५६५ अशीही आढळते, आणि तो दिवस शुक्रवार होता. त्या दिवशी तक्त्याप्रमाणे २३ जमादिलाखर येते. फारसीत वीस म्हणजे ‘बिस्त’ आणि तेवीसावा म्हणजे ‘बिस्त ओ सेव्वुम’. नकलाकाराच्या हातून पुढचे दोन शब्द गळले, तर तेवीसचे वीस सहज होतील. पण हा झाला तर्क. शब्द गळाल्याचे एखाद्या जुन्या हस्तलिखितात दिसल्याशिवाय त्यावर तारीख उभी करता येत नाही. २३ जानेवारीच्या बाजूने तारखेचा आकडा आहे, २६ च्या बाजूने वार आहे, आणि दोन्ही एकाच वाक्यातून आले आहेत. अशा ठिकाणी मी असेल तर ‘२३ जानेवारी १५६५ (ज्युलियन), मुळात २० जमादिलाखर ९७२, वार शुक्रवार दिला आहे पण जुळत नाही’ असे लांबलचक लिहीन. ओळ बेढब होते हे खरे. पण नुसते ‘२३ जानेवारी’ छापले, तर पुढच्या वाचणाऱ्याला शुक्रवार कुठेतरी शिल्लक आहे हे कळायची वाटच उरत नाही.